दोन खुणा किती जवळ आल्या की एकच?

जमिनीच्या मोजणीचे नकाशे जुळवणाऱ्या प्रोग्रॅमवर नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्यासाठी एका ज्येष्ठ प्रोग्रॅमरचं टिपण

तुझा कोड वाचला. शेजारच्या गटाचा कोपरा आपल्या गटाच्या बांधावर येतो की नाही, हे तपासणारा भाग नीट लिहिला आहेस. सूत्रही बरोबर आहे. फक्त उत्तर शून्य आलं का, हे तू `==` लावून विचारलं आहेस. भूमितीच्या कोडमध्ये ही चिन्हं फार क्वचित खरं बोलतात. याचं कारण आधी एका छोट्या उदाहरणात बघू.

एक रेघ (०, ०) पासून (१, ३) पर्यंत जाते. (०.१, ०.३) हा बिंदू तिच्यावर आहे, हे शाळेतलं मूलही सांगेल, कारण उभं अंतर आडव्याच्या बरोबर तिप्पट आहे. तुझं सूत्र इथे १ × ०.३ मधून ३ × ०.१ वजा करतं. पायथॉनला विचारलं तर तो म्हणतो:

```python
>>> 1*0.3 - 3*0.1
-5.551115123125783e-17
```

उत्तर शून्य नाही, ऋण आहे. म्हणजे प्रोग्रॅमच्या मते बिंदू रेघेच्या उजवीकडे आहे. यात काहीही बिघडलेलं नाही. दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहायला गेलं की ०.३३३ संपतच नाही, तसा द्विमान पद्धतीत एक दशांश संपत नाही. संगणकाकडे ‘डबल’ प्रकारच्या संख्येसाठी ५३ बिट अचूकता असते, म्हणून तो सर्वांत जवळची मावेल ती संख्या ठेवतो. १९८५ साली ठरलेल्या आयईईई ७५४ या मानकाने ही पद्धत जवळपास सगळ्या यंत्रांवर एकसारखी केली. त्यामुळे ही चूक तुझ्या यंत्रावर जशी येते तशीच माझ्याही यंत्रावर येते.

मग ‘शून्य आहे का’ ऐवजी ‘शून्याच्या पुरेसं जवळ आहे का’ असं विचारायचं. हे ‘पुरेसं’ म्हणजे टॉलरन्स. इथवर सगळेच येतात. घोटाळा होतो तो पुढे, टॉलरन्सचा आकडा कुठून आणायचा हे ठरवताना.

पहिला मोह म्हणजे भाषेने तयार दिलेला आकडा उचलणं. पायथॉनमध्ये तो `sys.float_info.epsilon` या नावाने मिळतो आणि साधारण २.२ × १०⁻¹⁶ इतका असतो. पण तो टॉलरन्स म्हणून दिलेलाच नाही. १ आणि त्याच्या पुढची मावणारी संख्या यांच्यातलं अंतर, एवढाच त्याचा अर्थ. संख्या जशा मोठ्या होतात तशी ही अंतरं वाढत जातात. आपले नकाशे यूटीएम पद्धतीत असतात. त्यात पुण्याजवळच्या कोपऱ्याचा पूर्वेकडचा आकडा सुमारे ३,७९,००० मीटर आणि विषुववृत्तापासून उत्तरेकडचा सुमारे २०,४८,००० मीटर येतो. वीस लाखांच्या या घरात दोन लगतच्या डबल संख्यांमध्येच २.३ × १०⁻¹⁰ मीटरचं अंतर असतं, म्हणजे त्या तयार आकड्याच्या दहा लाख पटींहून जास्त. दोन संख्यांमधला फरक त्या आकड्यापेक्षा कमी असेल, तर तो शून्यच असणार. म्हणजे आपण `==` च लिहिलं, फक्त ते जास्त सावध दिसतं.

दुसरा मोह `math.isclose` चा. हे फंक्शन काही न सांगता वापरलं तर संख्येच्या एक अब्जांशापर्यंतचा फरक माफ करतं. बेरजा, टक्केवाऱ्या यांसाठी ते ठीक आहे. पण कोपऱ्यांच्या आकड्यांना लावलं की बघ काय होतं. उत्तरेकडच्या २०,४८,००० ला जवळपास २ मिलिमीटर माफ होतात आणि पूर्वेकडच्या ३,७९,००० ला ०.३८ मिलिमीटर. म्हणजे एकच खूण दक्षिणोत्तर सरकली तर चालते आणि तेवढीच पूर्वपश्चिम सरकली तर चालत नाही. शिवाय हाच नकाशा गटाच्या एका कोपऱ्याला शून्य धरून मांडला, तर शून्यापाशी माफी जवळजवळ उरतच नाही. जमीन तीच, खुणा त्याच, आणि उत्तर मात्र मोजायला कुठून सुरुवात केली यावर ठरणार.

तिसरी गोष्ट भूमितीची खास आहे आणि तुझ्या कोडमध्ये ती लपून बसली आहे. तुझ्या सूत्रातून जे उत्तर येतं ते अंतर नसून क्षेत्रफळ आहे. बांधाची लांबी गुणिले बिंदूचं बांधापासूनचं अंतर, म्हणजे चौरस मीटर. त्यावर ०.००१ ची मर्यादा लावली, तर २०० मीटरच्या बांधावर बिंदू ०.००५ मिलिमीटर सरकला तरी नापास होतो, आणि अर्ध्या मीटरच्या तुकड्यावर तो २ मिलिमीटरपर्यंत खपून जातो. एकाच ओळीत चारशे पटींचा फरक, आणि तो वाचताना कुणाच्या लक्षात येत नाही, कारण आकड्यापुढे एकक लिहिलेलं नसतं. म्हणून लांबीने भागून उत्तर मीटरमध्ये आण:

```python
def dist_to_line(a, b, p):
    dx, dy = b[0]-a[0], b[1]-a[1]
    cross = dx*(p[1]-a[1]) - dy*(p[0]-a[0])
    return abs(cross) / math.hypot(dx, dy)
```

दोन गोष्टी सांभाळ. दोन्ही टोकं एकाच जागी असतील तर लांबी शून्य होते, ते आधी तपास. आणि हे अंतर अमर्याद वाढवलेल्या रेघेपासूनचं आहे, म्हणून बिंदू बांधाच्या दोन टोकांच्या दरम्यान पडतो का, हे वेगळं बघावं लागेल.

आता उत्तर मीटरमध्ये आहे, तेव्हा ‘किती’ हा प्रश्न अर्थपूर्ण होतो. खरं तर हे दोन प्रश्न आहेत. एक गणिताचा: वजाबाकी, गुणाकार, नकाशा फिरवणं यांत संगणकाची किती घसरण होते? वीस लाखांच्या घरातही एका मिलिमीटरमध्ये डबलच्या चाळीस लाखांहून जास्त पायऱ्या बसतात, त्यामुळे यासाठी एक मायक्रोमीटर, म्हणजे 1e-6 मीटर, भरपूर झाला. दुसरा प्रश्न मोजणीचा: एकच दगड दोन वेळा मोजला तर आकडे किती जुळतात? उपग्रहांचे संदेश घेणारा रोव्हर चांगल्या परिस्थितीत एक-दोन सेंटिमीटरपर्यंत अचूक असतो, झाडाखाली किंवा भिंतीलगत त्याहून वाईट. म्हणून दोन मोजण्यांतला कोपरा एकच का, हे ठरवायला २ ते ५ सेंटिमीटर लागतात. हा आकडा संगणकाकडे मागून मिळत नाही. तो मोजणीदाराला विचारायचा. कोडमध्ये या दोघांना दोन वेगळी नावं दे, पुढे एकक लिही आणि दोन्ही एकाच ठिकाणी ठेव.

पण आकडा बरोबर असला तरी ‘जवळ’ हे नातं ‘समान’ या नात्यासारखं वागत नाही. अ आणि ब समान, ब आणि क समान, तर अ आणि क समान असतात. जवळ असण्यात ही हमी नसते. समज, टॉलरन्स २ सेंटिमीटर आहे आणि एका रेषेत तीन खुणा ०, १.५ आणि ३ सेंटिमीटरवर आहेत. मधली खूण दोघींच्या जवळ आहे, पण टोकाच्या दोन खुणा एकमेकींपासून ३ सेंटिमीटर दूर. फाइलमध्ये मधली आधी आली तर तिच्यात दोन्ही विलीन होतात आणि कोपरा एकच उरतो. पहिली आधी आली तर ती फक्त मधलीला घेते आणि कोपरे दोन होतात. फाइलमधला क्रम बदलला की गटाचे कोपरे बदलले! टॉलरन्स लावून क्रमवारी लावायला गेलं तरी हीच अडचण येते, कारण लावणाऱ्या फंक्शनला मिळणारी उत्तरंच एकमेकांशी विसंगत असतात.

यावर माझा नियम असा, की मोजणीची टॉलरन्स एकदाच, नकाशा आत घेताना वापरायची. साखळीने जवळ असलेल्या सगळ्या खुणांचा एक गट करायचा. त्या गटाचा पसारा ठरलेल्या मर्यादेत असेल तर सगळ्यांना मिळून एक कोपरा आणि एक क्रमांक द्यायचा. पसारा जास्त असेल तर प्रोग्रॅमने निर्णय घ्यायचा नाही, तो गट माणसापुढे ठेवायचा. त्यानंतर दोन बांध एकाच कोपऱ्यावर येतात का, हे क्रमांक जुळवून बघायचं. क्रमांक पूर्णांक असतात, तिथे `==` निर्धास्त वापर.

हे सगळं जमलं की नाही, हे ओळखायला तीन चाचण्या लिही. फाइलमधला क्रम उलटसुलट कर. सगळा नकाशा लाखभर मीटर सरकव. आणि तो काही अंशांतून फिरव. तिन्ही वेळा कोपऱ्यांची संख्या आणि कोण कुणाला लागून आहे, हे तेच राहायला हवं. सरकवल्यावर उत्तर बदललं तर कुठेतरी `isclose` सारखी तुलना राहिली आहे. क्रम बदलल्यावर बदललं तर विलीन करण्याचा निर्णय खुणा आल्या तसा घेतला जातो आहे.

शेवटी टॉलरन्सची हद्द. क्षेत्राची बाह्यरेषा काढताना किंवा त्रिकोणांचं जाळं विणताना प्रश्न ‘जवळ आहे का’ असा नसतो. बिंदू डावीकडे की उजवीकडे, असा असतो, आणि हजारो बिंदूंबद्दलची उत्तरं एकमेकांशी सुसंगत लागतात. तिथे टॉलरन्स लावली तर वर पाहिलेली विसंगतीच आत शिरते आणि बाह्यरेषा स्वतःलाच छेदते किंवा एखादा बिंदू तिच्याबाहेर राहून जातो. यासाठी जोनाथन शेवचुक यांनी १९९७ साली मांडलेली पद्धत वापर. ती आधी झटपट गणित करते आणि त्यातली चूक जास्तीत जास्त किती असेल याची मर्यादाही काढते. उत्तर त्या मर्यादेहून मोठं असेल तर डावं-उजवं नक्की. नसेल तरच ती जास्त अंक वापरून बिनचूक उत्तरापर्यंत जाते. हे कोड तयार मिळतं, स्वतः लिहू नकोस.

मात्र तिच्याकडून भलती अपेक्षाही ठेवू नकोस. सुरुवातीचा (०.१, ०.३) हा बिंदू तिला दिला तर तीही ‘उजवीकडे’ असंच म्हणेल, आणि तिचं बरोबर असेल, कारण संगणकात साठवलेले ०.१ आणि ०.३ खरोखरच त्या रेघेवर नाहीत. साठवलेल्या आकड्यांबद्दल बिनचूक बोलणं हे तिचं काम. शेतातला दगड बांधावर आहे का, हे ठरवणं टॉलरन्सचं. कोडमध्ये प्रत्येक तुलनेपाशी आधी हे ठरव, की आपण आकड्याबद्दल विचारतो आहोत की दगडाबद्दल.