डाग तोच की नवा?
मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मेंदूचे एमआरआय कसे वाचले जाते

कापडाच्या व्यापारातील एका एकत्र कुटुंबाची धाकटी सून, वय सत्तावीस. एका सकाळी तिच्या डाव्या डोळ्यापुढे धुके पसरल्यासारखे झाले, आणि डोळा फिरवला की आत दुखू लागले. चष्म्याचा नंबर बदलला असावा, असे प्रथम घरच्यांना वाटले. नेत्रतज्ज्ञांनी डोळ्याच्या मज्जातंतूला सूज असल्याचे ओळखले आणि मेंदूचे एमआरआय करून घेण्यास सांगितले. ती चित्रे माझ्याकडे वाचनासाठी आली. पुढील अडीच वर्षांत तिची आणखी तीन एमआरआय झाली. त्या चार चित्रसंचांच्या आधाराने हा आजार कसा वाचला जातो, ते येथे सांगत आहे.

मेंदूतील मज्जातंतूंवर विजेच्या तारेवर असते तसे एक वेष्टन असते, त्याला मायलिन म्हणतात. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, या विकारात शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा या वेष्टनावर ठिकठिकाणी हल्ला करते. जिथे वेष्टन झिजते तिथे चट्टा उरतो. त्यालाच प्लाक म्हणतात. एमआरआयच्या फ्लेअर नावाच्या चित्रमालिकेत मेंदूतील पाणी काळे दाखवले जाते आणि असे चट्टे पांढरे उठून दिसतात.

त्या सुनेच्या पहिल्या चित्रांत असे नऊ डाग होते. तथापि पांढरे डाग आहेत एवढ्यावरून निदान होत नाही. वाढत्या वयात, दीर्घकाळच्या रक्तदाबात, मधुमेहात, कित्येकदा केवळ अर्धशिशीतही मेंदूत लहान पांढरे ठिपके दिसतात. साठीच्या गृहस्थांच्या अहवालात अशा ठिपक्यांचा उल्लेख वाचून घरात एमएसची भीती शिरल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. खरा प्रश्न असतो तो डाग कोठे आहेत आणि कसे आहेत हा.

मेंदूच्या मध्यभागी पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात. एमएसचे चट्टे या पोकळ्यांच्या भिंतींना अगदी खेटून बसतात. लांबट असतात आणि भिंतीला काटकोनात उभे राहतात. बाजूने घेतलेल्या चित्रात ते पोकळीवर ठेवलेल्या बोटांसारखे दिसतात. एडिंबरोचे डॉ. जेम्स डॉसन यांनी मृत रुग्णांच्या मेंदूंचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करून 1916 मध्ये या रचनेचे वर्णन केले, म्हणून त्यांना आजही डॉसनची बोटे म्हणतात. बोटांच्या आकाराचे कारण सोपे आहे. हल्ला करणाऱ्या पेशी लहान शिरांमधून बाहेर पडतात, आणि या भागातील शिरा पोकळीच्या दिशेने सरळ धावतात. चट्टा शिरेभोवती वाढतो, म्हणून तोही शिरेच्या दिशेने लांबट होतो. रक्तदाबामुळे होणारे ठिपके बहुधा पोकळीपासून थोडे दूर, खोल भागात आणि विखुरलेले असतात.

दुसरे ठिकाण म्हणजे मेंदूच्या बाहेरील करड्या थराला चिकटलेला भाग. तिसरे, मेंदूचा देठ आणि लहान मेंदू. चौथे, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू. 2024 च्या सुधारित निकषांत डोळ्याचा मज्जातंतू हे पाचवे ठिकाणही मोजले जाऊ लागले. आपल्या सुनेच्या नऊ डागांपैकी पाच पोकळ्यांना खेटून होते, दोन करड्या थराला चिकटून, एक लहान मेंदूच्या देठात आणि एक खोल भागात. हा शेवटचा डाग निदानाच्या हिशेबात धरला जात नाही. इतर आठांची साक्ष मात्र स्पष्ट होती.

येथे आपल्या घरांसाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते. दूधदुभतेही बेताने घेणाऱ्या शाकाहारी कुटुंबांत बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता विरळ नाही. तिच्यामुळेही हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, आणि मज्जारज्जूच्या मागील भागात एमआरआयवर पांढरा पट्टा दिसू शकतो. म्हणून तिच्या रक्तातील बी-12 प्रथमच तपासले गेले. ते पुरेसे होते.

आता दुसरा प्रश्न उरला: डाग जुने की ताजे? यासाठी गॅडोलिनियम हे द्रव्य शिरेतून देतात. निरोगी मेंदूत रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात, त्यामुळे हे द्रव्य मेंदूच्या ऊतीत उतरत नाही. ताज्या चट्ट्यापाशी ही भिंत पाझरते, द्रव्य बाहेर येते, आणि टी-वन नावाच्या चित्रात तेवढाच भाग उजळतो. इंजेक्शननंतर निदान पाच मिनिटे थांबावे लागते. घाईने घेतलेल्या चित्रात पाझर दिसून येत नाही. हे उजळणे सरासरी तीन आठवडे टिकते. एखादा डाग तीन महिन्यांनंतरही उजळतच असेल, तर आम्ही निदानाचा पुन्हा विचार करतो. क्षयाची गाठ किंवा अन्य काही नाही ना, हे पाहावे लागते.

सुनेच्या नऊ डागांपैकी एकच उजळला, उजव्या बाजूला कपाळामागचा. त्याने तिला कसलाही त्रास दिला नव्हता. तक्रार होती ती डाव्या डोळ्याची. मात्र त्या एका डागाने मोठे काम केले. काही चट्टे जुने आणि एक ताजा, याचा अर्थ आजाराने निरनिराळ्या वेळी घाव घातले होते. पूर्वी हे सिद्ध होण्यासाठी दुसरा झटका येईपर्यंत थांबावे लागे. येथे पहिल्याच चित्रांत निदान झाले आणि उपचार लगेच सुरू करता आले. स्टिरॉइडची इंजेक्शने तिला एमआरआयनंतर मिळाली, हेही बरे झाले, कारण स्टिरॉइडने हा पाझर काही दिवसांत थांबतो आणि ताजा डागही जुन्यासारखा दिसू लागतो.

सासरे पुढच्या भेटीत म्हणाले, “डॉक्टरसाहेब, नजर तर परत आली. मग डाग गेले असतील ना?”

गेले नव्हते, आणि बहुतेक वेळा जातही नाहीत. सूज ओसरल्यावर चट्टा थोडा आक्रसतो, परंतु त्याची खूण राहते. औषध काम करते की नाही, हे जुने डाग पुसले गेले का यावरून ठरत नाही; नवे उमटले का, यावरून ठरते. व्यापारी माणसाला हे समजावून सांगणे सोपे गेले. आरंभीची शिल्लक ठाऊक नसेल तर वर्षाअखेरीच्या आकड्यावरून नफा-तोटा काढता येत नाही.

ही आरंभीची शिल्लक मात्र पहिले एमआरआय नव्हे. औषधाला परिणाम दाखवण्यास काही महिने लागतात आणि त्या मधल्या काळात नवे डाग येऊ शकतात. त्यांचा दोष औषधावर टाकणे अन्यायाचे ठरेल. म्हणून गोळ्या सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी दुसरे एमआरआय केले. अकरा डाग दिसले, म्हणजे दोन नवे. पुढील तुलनेसाठी अकरा हा आकडा धरण्यात आला. कपाळामागचा तो डाग आता उजळत नव्हता आणि निम्म्याने लहान झाला होता.

एका वर्षाने तिसरे एमआरआय झाले. सून त्या वेळी माहेरी होती, म्हणून ते दुसऱ्या शहरात, अधिक शक्तिशाली यंत्रावर केले गेले. अहवालात सोळा डाग आणि ‘आजारात वाढ’ असे शब्द होते. घर हादरले. तिला स्वतःला काहीच त्रास नव्हता, आणि औषध बदलण्याची भाषा सुरू झाली. जुनी चित्रे मात्र त्या केंद्राला कोणी दिलीच नव्हती; ती इकडे कपाटात होती.

दोन्ही संच शेजारी ठेवून पाहिले तेव्हा फरकाचे कारण उलगडले. आधीच्या दोन वेळी मेंदूचे छेद पाच मिलिमीटर जाडीचे होते आणि दोन छेदांमध्ये दीड मिलिमीटरची मोकळी जागा सुटलेली होती. नव्या यंत्राने एक मिलिमीटरचे, मध्ये जागा न सोडता छेद घेतले होते. तीन-चार मिलिमीटरचा डाग जाड छेदात फिकट होतो किंवा मोकळ्या जागेत पूर्णपणे हरवतो. नवी चित्रे संगणकावर जुन्या कोनात फिरवून पाच मिलिमीटर जाडीची केली, तेव्हा पाच वाढीव डागांपैकी चार अगदी पुसट झाले. आणि जुन्या चित्रांत त्याच जागी तशीच पुसट सावली सापडली. ते चार नवे नव्हते, केवळ आता नीट दिसले होते.

पाचवा डाग वेगळा निघाला. तो पोकळीला खेटलेला, आठ मिलिमीटर लांब होता. एवढा डाग दीड मिलिमीटरच्या फटीत लपू शकत नाही, आणि जुन्या चित्रांत ती जागा स्वच्छ होती. म्हणजे वर्षभरात एक डाग खरोखर नवा आला होता.

मेंदूविकारतज्ज्ञांनी औषध लगेच बदलले नाही. एका नव्या डागावर निर्णय घेण्यापेक्षा सहा महिन्यांनी त्याच यंत्रावर, त्याच जाडीच्या छेदांनी आणि शक्यतो त्याच कोनात पुन्हा पाहण्याचे त्यांनी ठरवले. मधल्या उन्हाळ्यात एका लग्नघरी, भर दुपारच्या मांडवात, तिच्या डाव्या डोळ्यापुढे पुन्हा धुके आले. थंड खोलीत तासभर बसल्यावर ते विरले. उष्णतेने वा तापाने जुना घाव असा तात्पुरता बोलू लागतो. तो नवा झटका नसतो. नवी तक्रार मात्र चोवीस तासांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांना कळवण्यास विलंब लावू नये.

चौथ्या एमआरआयच्या वेळी तिला कसलीही तक्रार नव्हती. ती पुन्हा दुकानाचे हिशेब पाहू लागली होती. सासूबाई मला म्हणाल्या, “आता एवढी बरी आहे, तर पुन्हा यंत्रात कशाला घालायचे?”

चित्रांत दोन नवे डाग होते. दोन्ही करड्या थराला चिकटलेले, दोन्ही मूक. मेंदूत उमटणाऱ्या नव्या चट्ट्यांपैकी बहुतेक असेच असतात. झटक्यांपेक्षा त्यांची संख्या कितीतरी अधिक असते. या वेळी छेद, यंत्र आणि कोन तेच असल्यामुळे शंकेला जागा नव्हती. गॅडोलिनियमही दिले नव्हते. जुनी चित्रे तुलनेस योग्य असली की नवा डाग त्याच्याविनाही ओळखता येतो, आणि या द्रव्याचा सूक्ष्म अंश मेंदूत साठतो असे आढळल्यापासून ते गरजेपुरतेच वापरले जाते. गरोदरपणात तर ते टाळतातच.

दीड वर्षात तीन नवे डाग, तेही नियमित गोळ्या घेत असताना. हा पुरावा घरच्यांसमोर ठेवून तज्ज्ञांनी अधिक प्रभावी औषध सुरू केले. त्यानंतर सहा महिन्यांनी जे एमआरआय होईल, ती नवी आरंभीची शिल्लक. त्या दिवशी सोबत नेण्यासाठी सासऱ्यांनी चारही वेळच्या सीडी, केवळ छापील फिल्म नव्हे, एका पाकिटात घालून ठेवल्या आहेत. पाकिटावर प्रत्येक एमआरआयची तारीख आणि यंत्राचे ठिकाण त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे.