जेकोबियन तीन की एक तृतीयांश?

आज वहीपेन जवळ असू द्या, चालताना ऐकत असाल तर आकडे खाली लिहिलेच आहेत.

सेकंड इयरला एका गणितात माझं उत्तर नऊपट आलं होतं. सगळे इंटिग्रल बरोबर, फक्त जेकोबियन उलटा. तेच गणित आज घेऊ.

एक तिरका समांतरभुज चौकोन आहे. त्याचे कोपरे (0,0), (2,−1), (4,1) आणि (2,2). त्यावर (x−y)(x+2y) चं दुहेरी इंटिग्रल काढायचंय. थेट x, y मध्ये गेलात तर चौकोनाचे तुकडे करावे लागतात आणि प्रत्येक तुकड्याच्या लिमिट्स वेगळ्या. म्हणून बाजूंकडे बघा. त्यांची समीकरणं आहेत x−y = 0 आणि 3, x+2y = 0 आणि 6. मग सरळ

u = x−y, v = x+2y

घ्या. आता u 0 ते 3, v 0 ते 6. तिरका चौकोन सरळ आयत झाला!

पण आयताचं क्षेत्रफळ 18 आहे, मूळ चौकोनाचं 6. म्हणजे जागा तिप्पट ताणली गेली. हा हिशेब जेकोबियन ठेवतो. u, v चे x, y नुसार डेरिव्हेटिव्ह घेऊन डिटरमिनंट काढला की येतो 1·2 − (−1)·1 = 3. मी इथेच फसलो आणि 3 ने गुणलं. आपल्याला dx dy च्या जागी du dv लिहायचंय, म्हणून हवा उलटा डिटरमिनंट, x, y चा u, v नुसार. तो 1/3. म्हणजे

dx dy = (1/3) du dv

डिटरमिनंट ऋण आला तर चिन्ह सोडून द्यायचं, कारण क्षेत्रफळ ऋण नसतं.

आता u चं इंटिग्रल 9/2, v चं 18. गुणाकार 81, त्याचा तिसरा हिस्सा 27. माझं उत्तर होतं 243.

ते चुकीचं आहे हे मला तिथल्या तिथे कळू शकलं असतं. uv ची जास्तीत जास्त किंमत 3×6 = 18, आणि क्षेत्रफळ 6. म्हणजे उत्तर 108 च्या वर जाऊच शकत नाही. 243 कुठून येणार?

लंबवर्तुळालाही हीच युक्ती लागते. x²/9 + y²/4 ≤ 1 साठी x = 3r cosθ, y = 2r sinθ घेतलं, तर जेकोबियन 6r येतो. बरेच जण सवयीने नुसता r लिहितात. फंक्शनच्या जागी 1 ठेवून बघा: 6r ने 6π येतं, तेच लंबवर्तुळाचं खरं क्षेत्रफळ. नुसत्या r ने π येतं, म्हणजे एक त्रिज्येच्या वर्तुळाचं.

तेव्हा कुठलंही गणित सोडवायच्या आधी फंक्शनच्या जागी 1 ठेवा. क्षेत्रफळ जुळलं, तरच पुढे जा. भेटूया पुढच्या भागात!