भत्ता युरोत, भाडं फ्रँकमध्ये

१५ जानेवारी २०१५ रोजी स्विस नॅशनल बँकेने एका युरोमागे किमान १.२० फ्रँक हा दर राखणं अचानक सोडलं. काही दिवसांतच युरो एका फ्रँकच्या आसपास आला.

समजा, जर्मन कंपनीने झुरिकला पाठवलेल्या अभियंत्याचा राहणीमान भत्ता ३,००० युरो आहे. त्याचे आधी ३,६०० फ्रँक होत, आता ३,०००. घरभाडं मात्र तेच, २,२०० फ्रँक. म्हणजे किराणा आणि प्रवासासाठी १,४०० ऐवजी ८०० उरतात!

अशा वेळी पत्रात नुसतं ‘महागाई वाढली’ लिहून भागत नाही, कारण दुकानातले भाव वाढलेलेच नसतात. दोन्ही तारखांचे दर, भाडेकरार आणि नेमकी मागणी हवी: स्थानिक खर्चापुरता भत्ता फ्रँकमध्येच ठरवा. मायदेशी साठणाऱ्या पगारावर मात्र भरपाई मागू नये; त्याला झळ लागलेली नसते.