उजेड असतोच, मग ओवाळायचं कशाला?

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेकडे असलेल्या चिचगडच्या भागात पोळा फुटला की बैलजोड्या घरोघरी येतात. दारात बैलाच्या पायावर पाणी घालतात, कपाळाला कुंकू लावतात आणि घरची बाई ताटातला दिवा त्याच्या तोंडाभोवती ओवाळते. त्या वेळी दिवस मावळलेलाही नसतो, बैल लख्ख दिसत असतो. चारच दिवसांनी गणपती बसतो आणि तसंच ताट, तसाच दिवा त्याच्यासमोर फिरतो. आरतीत दिवा का फिरवतात, याचा विचार या दोन प्रसंगांना शेजारी ठेवून केला, तर नेहमी सांगितलं जाणारं एक उत्तर अपुरं पडतं. गाभारे अंधारे असत, मूर्ती दिसावी म्हणून दिवा जवळ नेत आणि पुढे त्याचीच रीत झाली, असं ते उत्तर आहे. त्यात तथ्य नाही असं नाही. पूजेच्या पोथ्यांतला एक प्रचलित नियम पायांपाशी चार, नाभीपाशी दोन, मुखापाशी एक आणि मग सर्वांगावरून सात फेरे सांगतो. नजर पायांपासून वर चढावी, अशीच ही रचना आहे. पण बघण्यासाठी चौदा फेरे लागत नाहीत. शिवाय समई शेजारी तेवत असतेच आणि षोडशोपचारांत धूपानंतर दीप दाखवूनही झालेला असतो. आरती त्यानंतर, नैवेद्य झाल्यावर होते. एकदा दिवा दाखवल्यावर पुन्हा तोच फिरवायचा, तर त्या फिरवण्याचा हेतू वेगळा असणार.

हा हेतू बैलाच्या ओवाळणीत उघड दिसतो. वर्षभर राबणाऱ्या जनावराला कुणाची नजर लागू नये, त्याच्यावरचं संकट टळावं, म्हणून त्याच्याभोवती अग्नी फिरवायचा. भाऊबीजेला भाऊ, उंबऱ्यावर नवरदेव, वाढदिवसाला मूल, सगळीकडे हीच भावना आहे. ती जुनीही आहे: सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत राजाचे घोडे-हत्ती आणि सैन्य यांच्या नीराजनविधीवर एक अख्खं प्रकरण आहे. मला वाटतं, देवाची आरती याच कुळातली आहे. ज्याला जपायचं, त्याच्याभोवती आपण दिवा फिरवतो.

यावर पहिला आक्षेप असा की, देवाला कुणाची नजर लागणार? जो सगळ्यांचं रक्षण करतो, त्याचं रक्षण भक्तानं करावं, हे उलटंच झालं. पण आपल्या पूजेत देवाला आंघोळ घालतात, जेवू घालतात, रात्री शेजारती करून निजवतात. पंढरपूरला पहाटे काकड्यानं विठोबाला उठवतात. देवाला यातल्या कशाची गरज आहे, असं भक्तही म्हणत नाही. गरज असते ती काळजी घेणाऱ्याला, आणि ओवाळण्यात ती काळजी हाताच्या एका हालचालीत उतरते.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. दृष्ट काढली की मीठ-मोहऱ्या कुणी ठेवून घेत नाही, त्या चुलीत जातात. मग देवावरून ओवाळलेल्या ज्योतीवर आपण हात का धरतो आणि ते डोळ्यांना का लावतो? ज्यानं पीडा उचलली, ते अंगाला लावून घ्यायचं? याचं उत्तर अग्नीच्या स्वभावात आहे. मीठ पीडा धरून ठेवतं, अशी समजूत आहे. अग्नी तिला जाळून टाकतो आणि स्वतः शुद्धच राहतो. त्यामुळे ज्योत टाकून द्यावी लागत नाही. ती देवाच्या जवळ जाऊन आलेली असते, म्हणून ती घ्यायची. भाऊ ओवाळून झाल्यावर ताटात पैसे टाकतो. देवाच्या आरतीत मात्र पैसे भक्तच टाकतो, आणि देवाकडून येणारी ओवाळणी म्हणजे तळहाताला मिळालेली ती ऊब.

हात हे सगळं कसं सांभाळतो, ते जवळून पाहावं. उजव्या हातात तबक, डाव्यात घंटा. तबक डावीकडून वर आणि उजवीकडून खाली, घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. निरांजनातली फुलवात तुपात आधी नीट भिजलेली हवी, नाहीतर वातच जळते आणि करपल्याचा वास येतो. हात घाईनं फिरला की ज्योत मागे पडते, आडवी होते आणि विझते. तबक कलंडलं तर तूप सांडतं. म्हणून आरती कितीही जोरात म्हटली, टाळ्या कितीही द्रुत झाल्या, तरी तबकाचा वेग ज्योतच ठरवते. पंचारतीला पाच वाती असल्यानं पितळ लवकर तापतं, म्हणून तिला दांडी असते. कापूर शेवटी लावतात. तो काजळी धरतो, पण मागे राख ठेवत नाही आणि लवकर संपतो, त्यामुळे गर्दी असली की तबक मागच्या रांगेत पोचेपर्यंत तो विझलेला असतो.

आता बाजारात बॅटरीवरचे दिवे मिळतात. ते वाऱ्यानं विझत नाहीत आणि सजावटीला उत्तम आहेत. आरतीच्या तबकात मात्र ते ठेवू नयेत. त्यांच्यानं देव दिसेल, पण वर हात धरून घेण्यासारखं त्यात काही नसतं.