‘ओरिजिनल’ डिस्प्ले म्हणजे नेमका कोणता?

नागापूरला एमआयडीसीच्या पाळ्या सुटतात तेव्हा मनमाड रस्त्यावरच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांत गर्दी होते. कुणाचा फोन मशीनजवळ पडलेला असतो, तर कुणाचा मोटारसायकलवरून निसटलेला. यांपैकी एक दुकान आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे आहे. गणितात तो फारसा चमकला नव्हता, पण हल्ली त्याची वही पाहून आम्हीच हिशेब शिकतो.

निमित्त झाले शेजारच्या खालांच्या फोनचे. स्क्रीन फुटली म्हणून त्यांच्या मुलाने दुसऱ्या एका दुकानातून १६०० रुपयांत ती बदलून आणली. दुकानदार ‘ओरिजिनल’ म्हणाला होता. घरी आल्यावर बोट ठेवून फोन उघडेना. बँकेचे ॲपही बोटावरच उघडत असे, त्यामुळे गावाकडे पैसे पाठवणे अडले. खाला म्हणाल्या, “सर, फोन बिघडला की आम्ही फसलो?” आम्ही फोन घेऊन विद्यार्थ्याकडे गेलो.

त्याने दुकानातला दिवा बंद केला आणि फोनवर पूर्ण काळे चित्र उघडले. पडदा राखाडी उजेडाने मंद चमकत होता. “सर, हा इनसेल आहे. मूळचा पडदा ॲमोलेड होता.” ॲमोलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून काळा भाग खरोखर विझलेला असतो. इनसेल हा एलसीडीचाच प्रकार. त्याच्या पाठीमागे सतत एक दिवा जळतो. खालांच्या फोनमध्ये बोटाचा ठसा घेणारा सेन्सर पडद्याच्या खाली आहे आणि त्याला पडद्यातून आरपार पाहावे लागते. मागे दिवा आणि त्याचे थर आले की सेन्सर आंधळा होतो. म्हणजे फोन बिघडला नव्हता, जोडलेला डिस्प्लेच ते काम करू शकत नव्हता. ज्यांचा सेन्सर बाजूच्या बटणात किंवा पाठीवर आहे, त्यांना ही अडचण येत नाही.

मग ‘ओरिजिनल’ कशाला म्हणायचे? बाजारात हा शब्द तीन वेगळ्या मालांना लावला जातो. एक सर्व्हिस पॅक, म्हणजे कंपनीच्या खोक्यातून येणारा. दुसरा जुन्या फोनमधून काढलेला खरा पॅनल, ज्याची फुटकी काच बदलून नवी बसवलेली असते. तिसरी निव्वळ कॉपी. कॉपीतही ओएलईडी आणि इनसेल असे दोन दर्जे, आणि दोघांच्या भावात दुपटीचा फरक पडू शकतो. गिऱ्हाइकाला मात्र काउंटरवर सगळे सारखेच दिसतात.

त्या दिवशी खालांच्या मॉडेलचे खरेदीभाव वहीत असे होते: इनसेल ११००, ओएलईडी कॉपी २४००, सर्व्हिस पॅक ४२०० रुपये. पूर्वी हा विद्यार्थी सरसकट खरेदीवर चाळीस टक्के चढवत असे. त्याने इनसेल १५४० ला पडे आणि सर्व्हिस पॅक ५८८० ला. परिणाम असा की चांगला माल मागणारे गिऱ्हाईक नगर शहरात निघून जाई आणि दुकानात उरे फक्त स्वस्त माल. तोच माल परत येण्याचे प्रमाण मात्र जास्त. त्याच्या अनुभवात दहा इनसेलमागे एक तरी परत येतो. कुठे टच आपोआप चालतो, तर कुठे कडेला रेघ उमटते. गोंद लावलेला डिस्प्ले व्यापारी परत घेत नाही. दहा कामांवर ४४०० सुटले, त्यातून एका डिस्प्लेचे ११०० गेले, आणण्याच्या खर्चाचे ४०० गेले, उरले २९००. आणि कामे झाली अकरा, कारण परत आलेला फोन पुन्हा फुकट उघडावा लागला. एका कामाला धड पावणेतीनशेही नाहीत.

आता तो टक्केवारी लावत नाही. फोन उघडणे, जुना गोंद गरम करून सोडवणे, फ्लेक्सची पट्टी न फाडता नवा डिस्प्ले बसवणे ही मेहनत डिस्प्ले स्वस्त असो वा महाग, सारखीच असते. म्हणून मजुरी ठरलेली, ३५० रुपये. त्यात आजचा खरेदीभाव, आणण्याचे ४० आणि परत येण्याच्या जोखमीचा वाटा मिळवायचा. इनसेलला हा वाटा दहावा हिस्सा, म्हणजे ११० रुपये, एकूण १६००. ओएलईडी कॉपीला विसावा हिस्सा, १२०, एकूण २९१०. सर्व्हिस पॅकला शंभरावा, ४२, एकूण ४६३२. इनसेलचा भाव ६० रुपयांनी वाढला, पण सर्व्हिस पॅक साडेबाराशेने उतरला. आमच्या मते या धंद्यातली सगळी गोम इथेच आहे. टक्केवारीने चांगला माल विनाकारण महाग होतो आणि वाईट माल दुकानदाराला आतून खातो.

आता भाव बदलण्याचे. व्यापाऱ्याची यादी सकाळी व्हॉट्सॲपवर येते आणि आठवड्याने तीच यादी वेगळी असते. माल बहुतांशी चीनमधून येतो, त्यामुळे डॉलर चढला की भाव चढतो. चिनी नववर्षाला, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, तिकडचे कारखाने बंद राहतात आणि मुंबईच्या मनीष मार्केटपासून नगरपर्यंत तुटवडा जाणवतो. नव्या मॉडेलचा डिस्प्ले सुरुवातीला महाग असतो, कॉप्या आल्या की उतरतो, आणि मॉडेल जुने होऊन माल येणे बंद झाले की पुन्हा चढतो. शिवाय बिलासह घेतला तर जीएसटी. मोबाईल आणि त्याच्या ठरावीक भागांवर तो १ एप्रिल २०२० पासून १२ वरून १८ टक्के झाला.

एकदा त्याने एका मॉडेलचे दहा डिस्प्ले १३०० ने भरून ठेवले. महिन्याभरात भाव हजारावर आला. शेजारचा दुकानदार नव्या भावाने विकू लागला, तेव्हा यालाही विकावे लागले. आता तो रोज खपणाऱ्या मॉडेलचे दोन-तीनच नग ठेवतो, बाकी आगाऊ रक्कम घेऊन मागवतो, आणि सांगितलेला भाव त्या संध्याकाळपर्यंतच, असे चिठ्ठीवर लिहितो.

आम्ही त्याला अडवून विचारले, “हजाराला घेतलेला डिस्प्ले आज तेराशे झाला, तर तू तेराशेच धरणार?” तो म्हणाला, “धरणार सर, कारण उद्या तो तेराशेलाच आणायचा आहे. पण तेराशेचा हजार झाला तेव्हा मी हजारच धरला होता.” आम्हाला पटले. चढताना आजचा भाव आणि उतरताना खरेदीचा, असे करणारे पुष्कळ आहेत. त्याला मात्र हिशेब म्हणता येणार नाही.

खालांना त्याने तिन्ही भाव सांगितले. सर्व्हिस पॅक परवडेना, म्हणून ओएलईडी कॉपी ठरली. गोंद लावण्याआधी त्याने फक्त फ्लेक्स जोडली आणि फोन सुरू केला. सॅमसंगचा फोन असल्याने डायलरवर *#0*# दाबताच चाचणीचे पान उघडले. लाल, हिरवा, निळा असे एकेक रंग पूर्ण पडद्यावर पाहिले, मग बोट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरवून टच तपासला. खालांचे बोट नव्याने नोंदवले. पहिल्यांदा घेतले नाही, दुसऱ्यांदा घेतले. कॉपीमध्ये ठसा ओळखायला कधी वेळ लागतो आणि ओले बोट चालत नाही, हे त्याने तेव्हाच सांगून टाकले. मग गोंद, चहूबाजूंनी रबर, आणि दोन तास फोनला हात लावायचा नाही.

बिलावर ‘डिस्प्ले’ एवढेच न लिहिता त्याने ‘ओएलईडी कॉपी, ठसा तपासून दिला, टच व रेघेची तीन महिने हमी, फुटल्यास नाही’ असे मराठीत लिहिले. खालांचा मुलगा जुने बिल शोधून घेऊन आला होता. त्यावर फक्त ‘ओरिजिनल, १६००’ असे होते. तो ते घेऊन पहिल्या दुकानात गेला. तिथे म्हणे, “ओरिजिनलच आहे, इनसेल ओरिजिनल.” अर्ध्या तासाच्या वादानंतर त्याला ५०० रुपये परत मिळाले.

इनसेलचा तो काढलेला डिस्प्ले अजून विद्यार्थ्याच्या काउंटरवर आहे. कुणी ‘ओरिजिनल टाका’ म्हणाले की तो आधी हा डिस्प्ले पुढे करतो आणि विचारतो, “हा की खोक्यातला?”