दर तळाला टेकल्यावर बँक बाजारात उतरते

५ मार्च २००९ रोजी बँक ऑफ इंग्लंडने एकाच दिवशी दोन निर्णय जाहीर केले. पहिला ओळखीचा होता. बँकेचा धोरणात्मक व्याजदर, म्हणजे तिथल्या भाषेत ‘बँक रेट’, एक टक्क्यावरून अर्ध्या टक्क्यावर आला. ही बँक १६९४ साली स्थापन झाली आणि तेव्हापासून हा दर इतका खाली कधीच गेला नव्हता. दुसरा निर्णय ब्रिटनला नवा होता. येत्या तीन महिन्यांत ७५ अब्ज पौंडांचे रोखे बाजारातून विकत घ्यायचे आणि त्यासाठी लागणारा पैसा बँकेने स्वतःच निर्माण करायचा. याचंच नाव क्वांटिटेटिव्ह ईझिंग. जपानच्या मध्यवर्ती बँकेने हा मार्ग २००१ मध्येच धरला होता, पण लंडनच्या वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी एकच सूर लावला: बँक नोटा छापायला निघाली.

छापखाना मात्र कुठे चालू झाला नव्हता. नेमकं काय घडलं हे समजून घ्यायचं, तर आधी दर आणखी खाली का नेता येईना, हे पाहावं लागतं.

लेहमन ब्रदर्स बुडाल्यानंतर, ऑक्टोबर २००८ च्या सुरुवातीला, बँक रेट पाच टक्के होता. तिथून तो पाच महिन्यांत सहा वेळा उतरला. त्यातली नोव्हेंबरची कपात तर एकदम दीड टक्क्याची होती. एवढं करूनही अर्थव्यवस्था आकसतच होती आणि महागाईचा दर दोन टक्क्यांच्या लक्ष्याच्या खाली घसरेल, अशी बँकेला भीती होती. मग सरळ शून्य का नाही केला? अडचण दर ठरवणाऱ्या बँकेची नव्हती, तो दर पुढे ग्राहकांपर्यंत नेणाऱ्यांची होती. ब्रिटनमधली कितीतरी गृहकर्जं करारानेच बँक रेटशी बांधलेली असतात. दर उतरला की त्यांचं व्याज आपोआप उतरतं. ठेवींचं व्याज मात्र शून्याखाली नेणं अवघड, कारण ठेवीदार पैसे काढून घरात ठेवतील. त्यामुळे दर जसजसा शून्याकडे सरकतो, तसतसं कर्जावर मिळणारं आणि ठेवींवर द्यावं लागणारं व्याज यांतलं अंतर मिटत जातं. गृहकर्जांवरच जगणाऱ्या बिल्डिंग सोसायट्यांना याची झळ सर्वांत आधी लागली असती. अशा संस्था कोलमडल्या तर दर उतरवून कर्ज वाढण्याऐवजी आटलंच असतं.

म्हणजे तळ हा काही निसर्गाने आखून दिलेला आकडा नव्हे. बँक ऑफ इंग्लंडनेच पुढे २०१६ मध्ये दर पाव टक्क्यावर आणि मार्च २०२० मध्ये ०.१ टक्क्यावर नेला. स्वित्झर्लंड आणि युरोपची मध्यवर्ती बँक तर उणे दरातही गेल्या. पण २००९ च्या मार्चमध्ये लंडनमधल्या धोरण समितीला अर्धा टक्का हाच तळ वाटत होता.

बँक रेट हा एका रात्रीच्या उसनवारीचा दर असतो. कारखाना काढणारी कंपनी एका रात्रीसाठी कर्ज घेत नाही, ती दहा वर्षांसाठी घेते. दहा वर्षांच्या पैशाचा दर सरकारी रोख्यांच्या बाजारात ठरतो आणि तो अजून शून्यापासून बराच लांब होता. तेव्हा आखूड मुदतीचा दर ढकलायला जागा उरली नसेल, तर लांब मुदतीचा दर ढकलायचा, असा हा विचार. त्यासाठी फर्मान काढून भागत नाही. रोखे प्रत्यक्ष विकत घ्यावे लागतात.

रोख्याचं गणित साधं आहे. १०० पौंड दर्शनी किमतीचा, वर्षाला चार पौंड व्याज देणारा, दहा वर्षांनी फिटणारा रोखा १०० पौंडांनाच मिळत असेल, तर घेणाऱ्याला चार टक्के परतावा पडतो. मोठा गिऱ्हाईक बाजारात उतरून किंमत साडेआठ पौंडांनी चढली, तर व्याजाचे चार पौंड तेवढेच राहतात, मुदतीअखेर हातात १०० च येतात आणि परतावा जवळपास तीन टक्क्यांवर उतरतो. सरकारी रोख्याचा परतावा हा बाकीच्या लांब मुदतीच्या कर्जांचा पाया असल्यामुळे कंपन्यांचं कर्जही त्यापाठोपाठ स्वस्त होतं.

खरेदीची पद्धत उलट्या लिलावाची होती. नेहमीच्या लिलावात घेणारे बोली चढवतात. इथे घेणारा एकच आणि विकणारे अनेक. बाजारभावाच्या तुलनेत जो स्वस्तात देईल, त्याचा माल आधी उचलायचा. ११ मार्चच्या पहिल्या लिलावात बँकेला दोन अब्ज पौंडांचे रोखे हवे होते आणि देऊ केले गेले सुमारे साडेदहा अब्जांचे. सरकारकडून थेट रोखे घेण्याला मज्जाव होता. खरेदी फक्त दुय्यम बाजारातून, आधीच कोणाच्या तरी हाती असलेल्या रोख्यांची. सुरुवातीला पाच ते पंचवीस वर्षं मुदत उरलेले रोखेच निवडले गेले.

आता एका पेन्शन फंडाने दहा कोटी पौंडांचे रोखे विकले असं समजू. फंडाचं खातं मध्यवर्ती बँकेत नसतं, एखाद्या व्यापारी बँकेत असतं. बँक ऑफ इंग्लंड त्या व्यापारी बँकेच्या आपल्याकडच्या खात्यात दहा कोटी जमा दाखवते आणि व्यापारी बँक फंडाच्या खात्यात तेवढेच जमा करते. संगणकावरच्या दोन नोंदी, बस्स. दोन्ही पैसे आदल्या दिवशी अस्तित्वात नव्हते, एवढ्या अर्थाने ते ‘नवे’ आहेत. पण फंड दहा कोटींनी श्रीमंत झालेला नाही. त्याचा रोखा गेला, त्याच्या जागी ठेव आली. मुदत ठेव मोडून रक्कम बचत खात्यात टाकण्यासारखंच हे. फुकट वाटलेला पैसा आणि क्वांटिटेटिव्ह ईझिंग यांत फरक आहे तो इथे, आणि वर्तमानपत्री ‘नोटाछपाई’त नेमका तोच हरवतो.

परिणाम होतो तो फंडाच्या पुढच्या पावलाने. तीस-चाळीस वर्षं पेन्शन द्यायची जबाबदारी डोक्यावर असताना अर्धा टक्काही न देणाऱ्या खात्यात रक्कम कुजवणं फंडाला परवडत नाही. तो कंपन्यांचे कर्जरोखे घेतो, शेअर घेतो. त्यांच्याही किमती चढतात आणि कंपन्यांना भांडवल उभारणं सोपं जातं. २००९ मध्ये ब्रिटनमध्ये बरंचसं असंच घडलेलं दिसतं. कंपन्यांनी बँकांची कर्जं फेडली आणि रोखे व शेअर काढून बाजारातून पैसा उभा केला. बँकांच्या खात्यांत शिल्लक साचली म्हणून त्या धडाधड कर्जं वाटू लागतील, ही अपेक्षा मात्र फोल ठरली. बँक कर्ज देते ते परतफेड करू शकणारा कर्जदार आणि तोटा सोसण्याइतकं भांडवल पाहून. मध्यवर्ती बँकेतली शिल्लक पाहून नव्हे.

खरेदी लवकरच २०० अब्जांवर गेली. बँकेच्या स्वतःच्या अभ्यासानुसार या टप्प्यात लांब मुदतीच्या सरकारी रोख्यांचा परतावा सुमारे एका टक्क्याने उतरला आणि राष्ट्रीय उत्पन्न दीड ते दोन टक्क्यांनी जास्त राहिलं. खरेदी करणाऱ्यानेच मांडलेला हा हिशेब आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवलेलं बरं. झळ बसली ती ज्यांच्याकडे रोखे-शेअर नव्हते त्यांना. २०१२ मध्ये बँकेनेच कबूल केलं की चढलेल्या मालमत्तेचा मोठा वाटा वरच्या थरातल्या कुटुंबांकडे गेला. सर्वांत श्रीमंत पाच टक्के कुटुंबांकडेच अशा वित्तीय मालमत्तेचा ४० टक्के भाग होता. शिवाय, ज्या पेन्शन फंडांनी रोखे विकले, त्यांचं भविष्यातलं देणं परतावा उतरल्यामुळे आजच्या हिशेबात फुगलं.

प्रत्येक रोखेखरेदी म्हणजे क्वांटिटेटिव्ह ईझिंग नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने तिमाहीत एक लाख कोटी रुपयांचे सरकारी रोखे घेण्याची आगाऊ ग्वाही दिली, तेव्हा काहींनी तिलाही हेच लेबल चिकटवलं. पण त्या वेळी रेपो दर चार टक्के होता, तळ बराच दूर होता. सप्टेंबर २०२२ मध्ये खुद्द बँक ऑफ इंग्लंडने पेन्शन फंडांची पडझड थोपवण्यासाठी १९ अब्ज पौंडांहून अधिक रोखे घेतले, तेही या सदरात बसत नाहीत. ती खरेदी ठरल्याप्रमाणे १४ ऑक्टोबरला थांबली. घाबरलेला बाजार सावरणं हा तिचा हेतू होता, महागाई वाढवणं नव्हे. महागाई तर तेव्हा आधीच भडकलेली होती. म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात: दर तळाला आहे का, आकार आधीच ठरवून जाहीर केला आहे का आणि हेतू मागणी वाढवण्याचा आहे का.

रोखे बँकेने आपल्या मुख्य ताळेबंदात ठेवले नाहीत. त्यासाठी एक उपकंपनी काढली. बँक तिला बँक रेटने कर्ज देई, ती त्या पैशाने रोखे घेई, आणि नफा-तोटा सरकारी तिजोरीचा, अशी लेखी हमी अर्थमंत्रालयाने दिली होती. वर्षानुवर्षं हे फायद्याचं चाललं. रोख्यांवर ठरलेलं व्याज मिळे आणि कर्जावर द्यायचं अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी. करोनाच्या काळात साठा ८९५ अब्ज पौंडांच्या शिखरावर पोहोचला आणि २०२२ पर्यंत तिजोरीत सुमारे १२४ अब्ज पौंड जमा झाले.

मग महागाई आली आणि ऑगस्ट २०२३ पर्यंत बँक रेट सव्वापाच टक्क्यांवर चढला. रोख्यांचं व्याज जुनंच राहिलं, कर्जाचं व्याज मात्र अनेक पटींनी वाढलं. बचत खात्यासारखी वाटणारी ती ‘नवी’ शिल्लक खरं तर रोज बदलत्या दराने व्याज मागणारी देणी होती. सरकारचं लांब मुदतीचं, ठरलेल्या दराचं कर्ज या खरेदीने एका रात्रीच्या कर्जात बदललं होतं. दर खाली असेपर्यंत ते खपून गेलं. ऑक्टोबर २०२२ पासून प्रवाह उलटला आणि तिजोरीतून उपकंपनीकडे पैसा जाऊ लागला.

१ नोव्हेंबर २०२२ रोजी बँकेने ७५ कोटी पौंडांचे रोखे विकून साठा रिकामा करायला सुरुवात केली. परतावा चढल्यामुळे बरेचसे रोखे खरेदीपेक्षा कमी किमतीला जातात आणि तोही तोटा तिजोरीच्याच माथी बसतो. साठा पहिल्या वर्षी ८० अब्जांनी आणि त्यानंतरची दोन वर्षं १०० अब्जांनी कमी करायचं ठरलं. सप्टेंबर २०२५ मध्ये हा वेग ७० अब्जांवर आणला गेला आणि लांब मुदतीच्या रोख्यांची विक्री मुद्दाम आखडती ठेवली गेली. त्या रोख्यांचे हक्काचे खरेदीदार असलेल्या पेन्शन फंडांची त्यांच्यासाठीची मागणी ओसरत चालली आहे.