अपघातस्थळी चालकाची प्राथमिक कृती

रस्त्यावर अपघात घडल्यापासून रुग्णवाहिका पोहोचेपर्यंतच्या काळात, अपघातात सापडलेल्या किंवा तेथे प्रथम पोहोचलेल्या वाहनचालकाने करावयाच्या कृतीस ही संज्ञा लावता येईल. वाहन थांबविणे, दुसरा अपघात टाळणे, मदत मागविणे आणि जखमी व्यक्तीचा श्वास व रक्त टिकवून धरणे ही तिची चार अंगे होत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये (२०१९ च्या दुरुस्तीने) जखम झाल्यानंतरच्या पहिल्या तासास ‘सुवर्ण तास’ म्हटले आहे. तथापि श्वासमार्ग बंद पडलेला किंवा मोठी रक्तवाहिनी तुटलेला मनुष्य त्या तासातील पहिल्या काही मिनिटांतच दगावू शकतो. ही मिनिटे डॉक्टरच्या हाती नसतात, ती चालकाच्या हाती असतात.

परभणी जिल्ह्यात हा प्रश्न विशेष रीतीने उभा राहतो. परभणीहून गंगाखेड, जिंतूर आणि पाथरी ही तालुक्याची गावे प्रत्येकी सुमारे चाळीस किमी.च्या अंतरावर असून मधल्या रस्त्याच्या दुतर्फा मुख्यतः शेते आहेत. उसाच्या गळीत हंगामात ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या रात्री याच रस्त्यांवरून चालतात. पुष्कळदा त्यांना मागील दिवा नसतो आणि असला तरी तो उसाच्या मोळ्यांखाली झाकला जातो. डिसेंबर महिन्यात संध्याकाळी सातच्या सुमारास परभणी–गंगाखेड रस्त्यावर अशा उभ्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळली आहे, असे समजू. एक तरुण रस्त्याच्या मधोमध पायातून रक्त वाहत असल्याने ओरडत आहे, दुसरा काही पावलांवर शिरस्त्राणासह निपचित पडला आहे. मागून येणाऱ्या मोटारीच्या चालकाने काय करावे, ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे जखमींकडे धावत सुटू नये. आपले वाहन रस्त्याच्या कडेला घेऊन इशारादर्शक दिवे चालू ठेवावेत व अपघातग्रस्त मोटारसायकलचे इंजिन बंद करावे. पेट्रोल सांडले असल्यास जवळ कोणासही विडी-काडी ओढू देऊ नये. ताशी ८० किमी. वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मी. अंतर कापते. चालकाला धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद जातो, म्हणजे ३३ मी. अंतर वाहन न थांबताच पुढे येते, आणि ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावरही ते आणखी सुमारे चाळीस मी. जाते. म्हणून परावर्तक त्रिकोण अपघातस्थळापासून किमान शंभर ते दीडशे पावले मागे, आणि वळण असल्यास वळणाच्या अलीकडे ठेवला पाहिजे. तो जवळ नसल्यास एखाद्या माणसाला विजेरी किंवा भ्रमणध्वनीचा दिवा देऊन रस्त्याच्या कडेला तितक्याच अंतरावर उभे करावे. आपल्याकडे अशा वेळी झाडाच्या फांद्या व मोठे दगड रस्त्यावर मांडण्याचा प्रघात आहे. फांद्या चालतात, दगड मात्र अंधारात दिसत नाहीत आणि दुचाकीस्वाराला तेच घातक ठरतात.

दुसरी गोष्ट दूरध्वनीची. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ पासून चालू असून तिच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. पोलीस, अग्निशामक व वैद्यकीय मदतीसाठी ११२ हा एकच क्रमांकही वापरता येतो. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा आणखी एक क्रमांक उपलब्ध आहे. येथे एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही : १०८ चा दूरध्वनी उचलणारी व्यक्ती परभणीत नव्हे, तर पुण्यात बसलेली असते. तिला ‘गंगाखेड रोडला, पुलाच्या पुढे’ या वाक्यातून काहीही कळत नाही. गंगाखेडहून परभणी, परळी आणि पालम अशा निरनिराळ्या दिशांना रस्ते जातात, आणि त्या प्रत्येकाला कोणी ना कोणी ‘गंगाखेड रोड’ म्हणतच असतो. शिवाय पिंपळगाव, वडगाव, बोरगाव अशी नावे तर मराठवाड्यात जागोजागी आढळतात. म्हणून जिल्हा व तालुका आधी सांगावा; नंतर कोणत्या दोन गावांमधला रस्ता, आपण कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला चाललो होतो, मागे पडलेले शेवटचे मोठे गाव, कडेच्या किलोमीटरच्या दगडावरील आकडा आणि जवळचा पेट्रोलपंप किंवा मंदिर, या क्रमाने माहिती द्यावी. ‘परभणी जिल्हा, परभणी तालुका, परभणीहून गंगाखेडकडे जाताना दैठणा गाव मागे टाकून अंदाजे दोन किमी., डाव्या हाताला ट्रॉली उभी आहे. जखमी दोन, एक बेशुद्ध, एकाच्या पायातून जोराचा रक्तस्राव’ इतके सांगण्यास अर्धा मिनिटही लागत नाही. पलीकडच्याने ठेवण्यास सांगेपर्यंत दूरध्वनी ठेवू नये, आणि नंतरही तो क्रमांक मोकळा ठेवावा, कारण वाट चुकलेला रुग्णवाहिकाचालक त्याच क्रमांकावर विचारतो. हाताशी दुसरा माणूस असल्यास दूरध्वनीचे काम त्याला द्यावे. मात्र ‘कोणीतरी फोन करा’ असे जमावाला उद्देशून सांगू नये; तसे सांगितले की प्रत्येक जण दुसऱ्याने केला असेल असे समजतो. एकाकडे बोट दाखवून सांगावे आणि दूरध्वनी लागला की नाही, हे त्याच्याकडून ऐकून घ्यावे.

आता जखमींकडे. स्वाभाविकपणे सर्वजण ओरडणाऱ्याभोवती जमतात. वस्तुतः ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे हे त्याच्या ओरडण्यावरूनच सिद्ध असते. निपचित पडलेल्याकडे प्रथम जावयास हवे. आपल्या उदाहरणात मात्र ओरडणाऱ्याच्या पायातून रक्ताची धार लागली आहे, म्हणून तेथे एका माणसास ताबडतोब बसवून जखम दाबून धरावयास लावावे व चालकाने स्वतः दुसऱ्याकडे जावे.

बेशुद्ध माणसाला हलवून पाहू नये. त्याच्या मानेचा मणका मोडलेला असू शकतो आणि मान वळविल्याने मज्जारज्जूला इजा होऊन हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसावे, डोके दोन्ही तळहातांत स्थिर धरावे, आणि छाती हलते का, श्वास ऐकू येतो का, हे दहा सेकंद पाहावे. घरघर किंवा गुळगुळ असा आवाज येत असल्यास जीभ मागे पडली आहे किंवा तोंडात रक्त साचले आहे असे समजावे. अशा वेळी दोन्ही हातांची बोटे कानाखाली जबड्याच्या कोनामागे लावून खालचा जबडा पुढे उचलावा. डोके मागे वाकवू नये. एवढ्यानेच पुष्कळदा श्वास मोकळा होतो, पण हात सोडताच तो पुन्हा अडतो. म्हणून रुग्णवाहिका येईपर्यंत कोणीतरी तेथे बसून राहिले पाहिजे. तोंडात रक्त किंवा उलटी भरत असेल, तर तिघांनी मिळून डोके, मान व धड एका सरळ रेषेत ठेवून त्याला कुशीवर करावे. मणका जपणे महत्त्वाचे खरे, परंतु श्वास त्याहून आधी. शिरस्त्राण, श्वास नीट असल्यास, काढू नये. पुढील काच वर करावी. श्वास अडला असेल आणि जबड्यापर्यंत हात पोहोचत नसेल तरच, एकाने खालून मान व जबडा आधाराने धरावा आणि दुसऱ्याने दोन्ही बाजू किंचित फाकवून ते सरळ ओढून काढावे.

श्वास अजिबात नसेल, किंवा पाण्याबाहेरच्या माशासारखे अधूनमधून तोंड उघडण्यापलीकडे काही होत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही हात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंमी. खोल दाब द्यावेत. अपघातातील रक्तस्रावामुळे थांबलेल्या हृदयास या उपायाने यश येण्याचे प्रमाण कमी आहे, हेही सांगितले पाहिजे. माणसे कमी असतील तर वाहते रक्त थांबविण्यास अग्रक्रम द्यावा.

रक्तस्रावावर दाब हाच उपाय आहे. रुमाल किंवा उपरणे घडी करून जखमेवर ठेवावे आणि तळहाताने, आपल्या शरीराचा भार देऊन, सलग दहा मिनिटे दाबून धरावे. थांबले का हे पाहण्यासाठी मध्ये उघडणे ही सर्वात नेहमीची चूक होय. त्यामुळे नुकती धरू लागलेली गुठळी निघून येते. कापड भिजल्यास ते न काढता वर दुसरे ठेवावे. जखमेत काच किंवा हाड दिसत असल्यास त्यावर न दाबता दोन्ही बाजूंनी दाबावे. हळद, चहापूड, माती, शेण यांतील काहीही जखमेत भरू नये. हातापायाचे रक्त जोराच्या दाबानेही थांबत नसेल, तर जखमेच्या ५ ते ७ सेंमी. वर, सांधा सोडून, चार-पाच सेंमी. रुंदीचा पट्टा बांधून त्यात काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळावी. सुतळी किंवा तार कधीही वापरू नये. ती मांसात रुतते आणि रक्त मात्र थांबवीत नाही. बांधल्याची वेळ लिहून ठेवावी व डॉक्टरखेरीज कोणी तो पट्टा सैल करू नये.

जखमी पाणी मागतो, कारण रक्त गेल्याने तहान लागते. ते देणे हा आपल्याकडे धर्म समजला जातो, परंतु येथे ते देऊ नये. बेशुद्धाच्या फुप्फुसात ते उतरते, आणि शुद्धीवर असलेल्याला लवकरच शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. ओठ ओल्या कापडाने पुसावेत. त्याऐवजी घोंगडी किंवा सतरंजी पांघरणे अधिक उपयोगी ठरते. परभणीच्या हिवाळ्यात रात्री पारा बऱ्याचदा १० अंश से.च्या खाली जातो, आणि शरीर थंड पडले की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते.

हातपाय धरून, मुटकुळे करून जखमीला रिक्षात किंवा जीपमध्ये कोंबणे टाळावे. रुग्णवाहिका येण्यास फार वेळ लागेल असे १०८ वरून कळले, तर जवळच्या आखाड्यावरील बाज आणावी, तीवर फळी टाकावी, आणि चौघांनी एका वेळी उचलून टेम्पोसारख्या वाहनात सपाट ठेवावे. आग किंवा पाणी यांचा धोका असेल तर मात्र तत्काळ बाहेर ओढलेच पाहिजे.

अपघात ज्याच्या हातून झाला त्या चालकावर वरील अधिनियमाच्या कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याची आणि पोलिसांना, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत, माहिती देण्याची जबाबदारी आहे. जमावाचा रोष अनावर असल्यास तेथे थांबण्याची अपेक्षा कायदा करीत नाही. अशा वेळी थेट जवळचे पोलीस ठाणे गाठावे आणि वाटेतच १०८ ला कळवावे. पळून जाणे व पोलीस ठाण्यात जाणे यांतला फरक न्यायालयात ठळकपणे दिसतो. मदतीला थांबलेल्या तिऱ्हाइताला २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १३४ अ ने संरक्षण दिले आहे : सद्भावनेने केलेल्या मदतीत चूक झाली तरी त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, आणि नियमांनुसार त्याला स्वतःचे नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. रुग्णालयाने कायदेशीर सोपस्कारांसाठी उपचार अडवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात बजावले होते. मे २०२५ पासून अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार मिळण्याची केंद्रीय योजनाही लागू झाली आहे.

रुग्णवाहिकेतील डॉक्टरला अपघाताची वेळ, जखमी प्रथम कसा आढळला, मध्यंतरी शुद्धीवर आला का, आणि पट्टा कधी बांधला, एवढे सांगावे. काढलेले शिरस्त्राण त्याच्याबरोबर द्यावे, कारण डोक्याला मार कोठे बसला ते त्यावरून कळते. पोलिसांनी जागेची पाहणी केल्यावर रस्त्यावरील काच, फांद्या आणि कोणी मांडलेले दगड काढून टाकावेत.